होम-ब्रूइंग क्लबचं स्वागतभाषण: मसुदा वाचून दुरुस्त्या सुचवा

अंगणवेल

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत येत्या रविवारी संध्याकाळी होम-ब्रूइंग क्लब सुरू होतोय. क्लब हाउसमध्ये चाळीसेक लोक येतील, त्यात आजी-आजोबाही आहेत आणि शाळेतली मुलंही. सुरुवातीला दोन-तीन मिनिटं मला बोलायचं आहे. पहिल्या बैठकीत आम्ही एकच पेय ठेवलंय, आल्याची बिअर, म्हणजे आलं-साखर-पाणी आंबवून केलेल्या विरजणावर, जिंजर बगवर, फसफसवलेलं आल्याचं सरबत. साखरेचं, गुळाचं आणि कोकम घातलेलं असे तीन प्रकार चाखायला असतील. मसुदा खाली देतेय. तांत्रिक चूक असेल तर स्पष्ट सांगा, कारण ऐकणारे घरी जाऊन हे करून बघणार आहेत.

"नमस्कार मंडळी, सगळ्यांचं मनापासून स्वागत. आज टेबलावर तीन बाटल्या आहेत. तिन्हींत आलं सातारी, पाणी आपल्याच टाकीतलं आणि बग एकाच बरणीतला. फरक फक्त गोडाचा आणि आंबटाचा. प्रत्येकाला तीन छोटे कप मिळतील. आधी साखरेची चव घ्या, मग गुळाची, शेवटी कोकमाची. घोट घेताना तीन गोष्टी बघा: बुडबुडे जिभेवर किती वेळ टिकतात, आल्याचा तिखटपणा घशात येतो की नाकात, आणि शेवटी गोड उरतं की आंबट. जे वाटेल ते कपाखालच्या कागदावर लिहा, 'छान' एवढंच लिहू नका. आपल्या क्लबात दारू होत नाही. आपण बाटली फक्त एक-दोन दिवस बाहेर ठेवतो आणि मग फ्रीजमध्ये टाकतो, त्यामुळे अल्कोहोल तयारच होत नाही, फक्त गॅस होतो. ज्यांना घरी करायचं असेल त्यांनी जाताना छोट्या बरणीतून बग घेऊन जा. आणि ज्यांच्या घरी कांजी, आंबील, ताक, लोणचं असं काही आंबवलं जातं त्यांनी आपली युक्ती आम्हाला सांगून जा. या, चाखा, विचारा."

पेठेतला

उपक्रम उत्तम. एक विचारायचं होतं, फिल्टर कॉफीचं डिकॉक्शन रात्रभर ठेवायचं की सकाळी करायचं, आणि चिकोरी किती टक्के घ्यावी? तुमच्या क्लबात हे शिकवणार असाल तर आम्ही सदाशिव पेठेतून दोघं-तिघं येऊ.

अंगणवेल

काका, हा क्लब कॉफीचा नाही, आंबवलेल्या पेयांचा आहे. पण चाखायला जरूर या.

कर्वेनगरकर

भाषण छान वाहतंय. चव घेताना काय बघायचं ते सांगितलंत, हा भाग तसाच ठेवा. पण 'अल्कोहोल तयारच होत नाही, फक्त गॅस होतो' हे वाक्य काढायलाच हवं. ते चुकीचं आहे आणि त्याच्या भरवशावर कोणी मुलांना ग्लासभर देईल.

यीस्ट साखर खातं तेव्हा गॅस आणि अल्कोहोल जोडीनंच तयार होतात. एक ग्रॅम साखर खाल्ली की ढोबळमानानं अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि अर्धा ग्रॅम अल्कोहोल. एकाशिवाय दुसरं मिळत नाही. बगमध्ये लॅक्टिक बॅक्टेरियाही असतात, त्यांच्यामुळे थोडी आंबटपणाची भर पडते आणि हिशेब किंचित हलतो, पण मुख्य काम यीस्टच करतं.

आता आकडे लावून बघा. लिटरमागे 8 ग्रॅम साखर खाल्ली गेली तर साधारण 4 ग्रॅम गॅस होतो. बाटलीत हा गॅस पेयात विरघळून राहतो आणि मध्यम फसफस देतो, बाजारच्या कोलापेक्षा बरीच कमी पण जिभेला स्पष्ट जाणवेल इतकी. त्याच वेळी लिटरमागे 4 ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल झालेलं असतं, म्हणजे आकारमानानं जवळपास अर्धा टक्का. म्हणजे नीट फसफसलेल्या घरगुती जिंजर बिअरमध्ये अर्ध्या टक्क्याच्या आसपास अल्कोहोल असणारच. कोलासारखी कडक फसफस हवी म्हणून बाटली आणखी बाहेर ठेवली तर तेवढ्यात एक टक्क्याकडे जाल.

आणि बाटली विसरली तर? तुमच्या सरबतात लिटरला साखर किती आहे?

अंगणवेल

80 ग्रॅम. गुळाच्या बाटलीतही गूळ 80 ग्रॅमच.

कर्वेनगरकर

मग सगळी साखर यीस्टनं संपवली तर अल्कोहोल 5 टक्क्यांच्या घरात जातो, बाजारातल्या साध्या बिअरइतका. पण तिथवर पोचायच्या आत बाटली फुटेल, कारण गॅसही दसपट होईल. त्यामुळे भाषणात दोन्ही धोके एकाच वाक्यात सांगता येतील: फ्रीजमध्ये टाकायला उशीर झाला की दाबही वाढतो आणि अल्कोहोलही.

सोडावॉटर

यावर सोपा उपाय आहे. बग वगैरे भानगड नकोच. बेकरीचं ड्राय यीस्ट चिमूटभर टाका, चोवीस तासांत बाटली टणक होते, मग फ्रीजमध्ये टाका. थंडीत यीस्ट मरतं, त्यामुळे पुढे काही होत नाही. हवं तेवढे दिवस ठेवा.

कर्वेनगरकर

ड्राय यीस्टचा मुद्दा बरोबर आहे, चार लिटरला पाव चहाचा चमचा पुरतं आणि वेळेचा अंदाज बगपेक्षा नक्की येतो. वास मात्र पावासारखा येतो, आल्याची बारीक चव दबते. ज्याला आवडेल त्यानं करावं.

पण फ्रीजमध्ये यीस्ट मरत नाही. 4 अंशांवर ते मंद होतं, सुस्त पडतं, पण हळूहळू खात राहतं. आठवडाभरात फारसा फरक जाणवणार नाही, महिनाभरात जाणवतो. म्हणून फ्रीजमधलीही बाटली सात-आठ दिवसांत संपवायची. मधे वीज गेली किंवा कोणी फ्रीज बंद ठेवला तर ते पुन्हा जोमानं कामाला लागतं.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. गॅस थंड पाण्यात जास्त विरघळतो. तेवढाच गॅस असलेली बाटली 30 अंशांवर जो दाब देते तो 4 अंशांवरच्या दाबाच्या दुपटीहून जास्त असतो. म्हणून गरम बाटली उघडली की अर्धं पेय फेस होऊन टेबलावर येतं. चाखायच्या बाटल्या आदल्या रात्रीपासून फ्रीजमध्ये ठेवा आणि कार्यक्रमात बर्फाच्या परातीत उभ्या करा.

निशिगंधा७

माझा बग पाच दिवस झाले तरी शांत आहे. वर पांढरा थर आलाय. फेकून द्यावा का? की अजून साखर घालू?

कर्वेनगरकर

निशिगंधाताई, आलं सोलून घेतलं होतं का? आणि पाणी कुठलं? थर सपाट आहे की केसाळ?

निशिगंधा७

सोलून, धुऊन, बारीक किसून. पाणी नळाचं, सरळ नळाखालून. थर सपाट आहे, साय धरल्यासारखा. बरणीला घट्ट झाकण आहे. ढवळलं नाही, म्हटलं हलवलं की बिघडेल.

कर्वेनगरकर

मग कारण समजलं. यीस्ट आल्याच्या सालीवर असतं. साल काढली की बीजच काढलं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उरलंसुरलं यीस्ट मारतं. पाणी उकळून गार करा किंवा रुंद तोंडाच्या पातेल्यात रात्रभर उघडं ठेवा. सपाट पांढरा थर जंगली यीस्टचा असतो, विषारी नाही, पण चव शिळी करतो. केसाळ, हिरवा किंवा काळा ठिपका दिसला तर बुरशी, ती बरणी सगळी फेकायची, वरचं काढून चालत नाही. तुमचा थर सपाट असला तरी नवा बग लावणंच सोपं.

अर्धा लिटर पाणी, एक मोठा चमचा साखर, एक मोठा चमचा सालीसकट किसलेलं आलं. झाकणाऐवजी सुती कापड. रोज तेवढीच साखर आणि तेवढंच आलं घाला आणि दिवसातून दोनदा तळापासून ढवळा. ढवळलं की वर तरंगणारं आलं ओलं राहतं, त्यावर बुरशीला जागा मिळत नाही. पुण्यात एप्रिल-मेमध्ये दोन-तीन दिवसांत फेस येतो, डिसेंबर-जानेवारीत आठवडाही लागतो. तयार झाल्याची खूण म्हणजे ढवळताना सोड्यासारखा आवाज येतो आणि वास आल्याबरोबर किंचित यीस्टचा येतो. नुसते दोन-चार बुडबुडे दिसले म्हणून लगेच वापरू नका.

काळाकोट

मी कायद्याकडे लक्ष वेधतो, कारण 'होम-ब्रूइंग' नाव असलेला क्लब म्हटल्यावर कोणीतरी विचारणारच. 1949 च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, मग ते विकायला असो वा स्वतःला. त्यातली मद्याची व्याख्या रुंद आहे, अल्कोहोल असलेला कोणताही द्रव तिच्या कक्षेत येऊ शकतो. घरी माल्टची बिअर किंवा वाइन करण्याची सवलत राज्यात नाही. पुण्यातल्या मायक्रोब्रुअरी राज्य उत्पादन शुल्काच्या परवान्यावर चालतात, तसं आपल्या स्वयंपाकघराला म्हणता येत नाही.

दुसरीकडे अन्नसुरक्षेच्या 2018 च्या नियमांत अल्कोहोलिक पेय म्हणजे 0.5 टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेलं पेय, असं धरलंय. पण तो नियम विकायच्या पेयांच्या दर्जा आणि लेबलसाठी आहे. तो दारूबंदी कायद्यातून सूट देतो असं मी म्हणणार नाही.

सोडावॉटर

म्हणजे पाव टक्का अल्कोहोल असलेलं ताकसुद्धा गुन्हा? आंबीलसुद्धा? असं कोणी पकडतं का?

काळाकोट

पकडतं की नाही हा वेगळा प्रश्न. व्याख्या अक्षरशः वाचली तर कुठे रेघ ओढायची हे त्यात स्पष्ट नाही. म्हणून क्लबनं स्वतःच रेघ ओढावी, अर्ध्या टक्क्याच्या आत राहावं, विक्री करू नये, माल्ट-हॉप्सचा विषय काढू नये, आणि नावाबद्दल विचार करावा.

अंगणवेल

नावाचं बघते. 'आंबवण मंडळ' असं एकानं सुचवलं होतं. माल्टचा विषय आमच्या डोक्यात नाहीच. पण अर्ध्या टक्क्याच्या आत आहोत हे मला घरी कळणार कसं? जिभेला एवढं अल्कोहोल कळत नाही.

सोडावॉटर

लॅक्टोमीटर घ्या, दुधाचा. तुळशीबागेत किंवा बोहरी आळीत मिळतो, स्वस्त असतो. साखर कमी झाली की तो खाली जातो.

कर्वेनगरकर

यात निम्मं बरोबर आहे. दुधाचे लॅक्टोमीटर दोन प्रकारचे मिळतात. ज्यावर 15 ते 40 असे आकडे असतात तो घनता मोजतो, 30 म्हणजे 1.030. आपलं सरबत त्याच पट्ट्यात पडतं, त्यामुळे तो चालेल. पण ज्यावर आकड्यांऐवजी दुधात पाणी किती याच्या नुसत्या खुणा असतात तो इथे कामाचा नाही, कारण आपल्याला चार खुणांचा, म्हणजे 0.004 इतका बारीक फरक वाचायचा आहे. जमलं तर प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून 1.000 ते 1.100 पट्ट्याचा हायड्रोमीटर आणि 100 किंवा 250 मिलीचं उभं नळकांडं घ्या.

वापरायचं कसं ते चार लिटरच्या घाण्यावर सांगतो. दोन मुठी, म्हणजे साधारण 200 ग्रॅम आलं किसून एक लिटर पाण्यात पंधरा मिनिटं उकळा, गाळा, त्यात 320 ग्रॅम साखर विरघळवा. उरलेलं गार पाणी घालून सगळं चार लिटर करा. लिंबाचा रस 100 मिली, आणि 30 अंशांखाली आल्यावर 240 मिली गाळलेला बग. तापमान हाताला कोमट लागत असेल तर थांबा, जास्त गरम असेल तर बग मरतो आणि तुम्ही दोन दिवस शांत बाटलीकडे बघत बसाल.

बग घातल्यावर लगेच मोजा. वाचन 1.032 च्या आसपास येईल, ते बाटलीच्या पट्टीवर लिहा. मग बाटल्या भरा आणि त्यातली एक छोटी बाटली चाचणीसाठी वेगळी ठेवा, कारण ती उघडली की तिचा गॅस गेला. सुमारे 30 अंशांच्या खोलीत चोवीस तासांनी चाचणीची बाटली उघडा. थोडं पेय एका ग्लासातून दुसऱ्यात दहा-बारा वेळा ओता, गॅस पूर्ण घालवा. बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून त्याला वर उचलतात आणि वाचन जास्त येतं, इथेच सगळ्यांचं चुकतं. दोन्ही वाचनं एकाच तापमानाला घ्या. 1.032 वरून 1.028 झालं असेल, म्हणजे चार खुणा उतरल्या, तर अल्कोहोल जवळपास अर्धा टक्का. तीनच खुणा उतरल्या असतील तर 0.4 टक्के. म्हणजे तीनला फ्रीज. चारपर्यंत थांबलात तर फ्रीजमध्ये बाटली गार होईस्तोवर पाचवी उतरेल.

अंगणवेल

आणि 'बाटली टणक झाली की फ्रीज' हे चालत नाही का? सगळ्या पाककृतीत तेच लिहिलेलं असतं.

कर्वेनगरकर

सोड्याच्या प्लॅस्टिक बाटलीवर ती खूण दाबासाठी चांगली आहे. भरताना बाटली दाबली की आत जाते, मग हळूहळू कडक होते, अंगठ्यानं दबेनाशी झाली की गॅस पुरेसा झाला. अल्कोहोलसाठी मात्र ती खूण थोडी उशिरा येते, कारण आधी वरची मोकळी जागा गॅसनं भरायची असते. मोकळी जागा जितकी जास्त तितकी फसफस कमी आणि अल्कोहोल तेवढंच. म्हणून वर तीन-चार सेंटीमीटरच जागा सोडा.

बाटली कोणती, हेही भाषणात हवं. वापरलेल्या सोड्याच्या किंवा कोलाच्या जाड प्लॅस्टिक बाटल्या, त्या दाबासाठीच बनतात. मिनरल वॉटरची पातळ बाटली नको, सॉसची किंवा चौकोनी काचेची अजिबात नको, कोपऱ्यावर तडा जातो. प्लॅस्टिक उकळत्या पाण्यानं धुऊ नका, ती आक्रसते आणि झाकण बसत नाही. कोमट पाणी, खायचा सोडा आणि भरपूर खळखळाट पुरे.

निशिगंधा७

गुळाचं वेगळं काही? माझ्याकडे कोल्हापुरी गूळ आहे, त्याचाच करायचा विचार होता.

कर्वेनगरकर

गूळ यीस्टला साखरेपेक्षा जास्त मानवतो, खनिजं असतात. म्हणून साखरेच्या बाटलीचा वेळ गुळाला लावू नका, काही तास आधीच तपासा. गुळाबरोबर बाहेरचे जंतूही येतात, तेव्हा तो आल्याबरोबर उकळून, वरची मळी काढून आणि गाळून घ्या. अंगणवेलताई, तुमच्या तीन बाटल्या एकाच वेळी फ्रीजमध्ये गेल्या असतील तर गुळाची जास्त फसफसलेली असेल. मग लोक म्हणतील गूळ जास्त चांगला, पण खरा फरक वेळेचा असेल. कोकमाचंही तसंच, जास्त आंबट झालं की यीस्ट मंदावतं.

अंगणवेल

हे मनात आलंच नव्हतं. म्हणजे तिन्ही एकाच वेळी भरून, प्रत्येकीची स्वतंत्र चाचणीची बाटली ठेवून, तीन-तीन खुणा उतरल्या की एकेक फ्रीजमध्ये. मग तुलना खरी होईल. मुलांचं काय करू? त्यांना तीन कप द्यायचे की नाही यावर घरात एकमत नाही.

सोडावॉटर

मुलांसाठी आल्याचं सिरप करून बाजारच्या सोड्यात मिसळा. यीस्ट नाही, फसफस आयती, अल्कोहोल शून्य.

कर्वेनगरकर

हे अगदी बरोबर सुचवलंत. एक भाग सिरप, तीन भाग गार सोडा, लिंबू वेगळं. गरोदर बाई, औषधं चालू असलेले आणि दारू अजिबात न घेणारे, सगळ्यांसाठी तोच ग्लास ठेवा आणि तो वेगळ्या टेबलावर ठेवा, म्हणजे कोणाला कारण सांगावं लागणार नाही.

काळाकोट

मी तर म्हणेन मुलांना आंबवलेलं देऊच नका, मोजलेलं असलं तरी. क्लबचं नाव नवं आहे, एका पालकानं तक्रार केली तर विषय वाढेल.

निशिगंधा७

पण आपण इडली-डोसा, ताक, कांजी देतोच की मुलांना. तिथे कोणी मोजत नाही. 60 मिलीच्या कपात 0.4 टक्के म्हणजे काय ते असेल?

कर्वेनगरकर

पाव मिलीच्या आसपास. शरीरावर त्याचा परिणाम दिसणार नाही, हे खरं. तरीही पालकांना आधी न सांगता देणं मला पटत नाही. सांगून देणं की अजिबात न देणं, हे तुमच्या समितीनं ठरवायचं.

अंगणवेल

समितीत शनिवारी बोलू. भाषणातलं ते वाक्य असं बदलतेय, बघा कसं वाटतं:

"या पेयांत थोडं अल्कोहोल आहे, यीस्ट गॅस करतं तेव्हा तेही होतंच. आम्ही प्रत्येक बाटली मोजून अर्ध्या टक्क्याच्या आत थांबवली आहे, वाचन बाटलीच्या पट्टीवर लिहिलं आहे. ज्यांना नको त्यांच्यासाठी खिडकीजवळच्या टेबलावर साधं आलं-सोडा आहे. बग घरी नेणाऱ्यांनी तीन गोष्टी विसरू नका: जाड सोड्याची बाटली, तीन खुणा उतरल्या की फ्रीज, आणि आठवड्यात संपवायचं. काचेच्या बाटलीत भरून माळ्यावर ठेवू नका, ती फुटते."

कर्वेनगरकर

आता बरोबर. 'मोजून' म्हणताय तर हायड्रोमीटर टेबलावर ठेवा आणि एका बाटलीचं वाचन सगळ्यांसमोर घ्या. पट्टीवर भरल्याची वेळ, खोलीचं तापमान आणि फ्रीजमध्ये टाकल्याची वेळही लिहा. युक्त्यांची देवाणघेवाण करायची तर हेच तीन आकडे लागतील, बाकी चव प्रत्येकाची वेगळी.

पेठेतला

रविवारी किती वाजता?

अंगणवेल

साडेपाचला, काका. येताना सोड्याची एक रिकामी जाड बाटली आणा, बग देते.